ओल, ताण आणि वारा : प्रवासात इस्त्रीवाचून सुरकुत्या कशा घालवाव्यात

प्रवासात कपडे चुरगळले की बहुतेकांना एकच उपाय ठाऊक असतो. हॉटेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडायचा, दार लावून घ्यायचे आणि शर्ट दारामागच्या खुंटीला अडकवायचा. पंधरा मिनिटांनी शर्ट बाहेर येतो तेव्हा हाताला मऊ लागतो, पण सुरकुत्या जवळजवळ जिथल्या तिथे असतात. मग खाली फोन करून इस्त्री मागवली जाते. ती मिळाली तर प्रश्नच मिटला. पण लॉज साधा असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील आणि सकाळी इस्त्रीवाल्याचे दुकान उघडायच्या आत निघायचे असेल, तर चुरगळलेलाच शर्ट घालून जावे लागते.

वाफेचा हा उपाय खोटा नाही, अर्धवट आहे. सुरकुती जायला तीन गोष्टी लागतात : कापडात ओल शिरणे, त्या ओलसर कापडाला ताण मिळणे आणि ताणलेले असतानाच ते वाळणे. इस्त्री ही तिन्ही कामे काही सेकंदांत उरकते. पाणी शिंपडल्याने ओल मिळते, दाबाने कापड सपाट होते आणि उष्णतेने ते तिथल्या तिथे वाळते. बाथरूममधली वाफ यातले फक्त पहिले काम करते. उरलेली दोन आपल्या हातांनी केली, तर इस्त्रीवाचून बऱ्यापैकी भागते.

सुरकुती धरते कशी

सुती धागा सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध एकेकटे दुबळे, पण संख्येने अफाट. कापड घडीत दाबले गेले की साखळ्या थोड्या सरकतात, जुने बंध सुटतात आणि वाकलेल्या जागी नवे जुळतात. ही झाली सुरकुती. घाम, दमट हवा आणि ऊब असेल तर हे लवकर होते, कारण पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून जुने बंध सैल करतात. म्हणून बसच्या सीटवर घामेजल्या पाठीखालचा शर्ट जितका चुरगळतो, तितका कपाटात टांगलेला चुरगळत नाही.

सुरकुती जाण्याची वाटही हीच, फक्त उलट दिशेने. ओल बंध सोडवते आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्या आकारात नवे बंध बसतात. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपले की सकाळी केस कुरळे होतात, त्यामागे असेच बंध असतात. शर्ट ओलसर करून तसाच खुंटीवर सोडला, तर तो जुन्या सुरकुत्यांसकट वाळतो. कपडे वाळत घालताना घरातल्या बायका ते जोरात झटकतात आणि कडा हाताने ओढून दोरीवर टाकतात, त्याला म्हणूनच अर्थ आहे. तसे वाळलेले कपडे निम्मे इस्त्री केल्यासारखे निघतात.

पॉलिएस्टरचे वागणे निराळे. साधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या आठेक टक्के पाणी धरून असते, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे पाण्याने ते सैल होत नाही, उष्णतेने होते आणि तीही ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास लागते. शॉवरच्या वाफेने कोंदलेल्या बाथरूममधली हवा फार तर ४० अंशांची. तिथे टेरिकॉटच्या पँटची सुरकुती हलली नाही तर नवल नाही. उलट उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तापून पडलेली सुरकुती पॉलिएस्टरमध्ये हट्टाने बसते.

दोन मोठे चमचे पाणी

शॉवरच्या युक्तीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट साधारण २०० ते २५० ग्रॅमचा असतो. दमट हवेत तो जास्तीची तीसेक ग्रॅम ओल शोषून घेईल, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. एवढ्यासाठी आपण गीझरची टाकी रिकामी करतो. लहान लॉजमधला गीझर बहुधा १५ लिटरचा असतो. त्यातले कढत पाणी गार पाण्यात मिसळून शॉवर चालवला तर तीन-चार मिनिटांतच धार कोमट होते. वाफ जेमतेम जमते, एक्झॉस्ट पंखा चालू राहिला असेल तर तीही बाहेर जाते आणि अंघोळीला गरम पाणी उरत नाही.

तेच दोन चमचे पाणी बारीक फवाऱ्याच्या बाटलीने थेट शर्टवर मारता येते. १०० मिलिलिटरची रिकामी स्प्रे बाटली औषधांच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळते आणि बॅगेच्या कोपऱ्यात मावते. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. मोठे थेंब पडले की कापडावर गोल ओले डाग पडतात आणि बाकीची जागा कोरडीच राहते. पाण्यात कपड्यांचे कंडिशनर अगदी थोडे, १०० मिलिलिटरला पाव चमचा, मिसळले तर धागे एकमेकांवरून सहज सरकतात. जास्त घातले तर कापड चिकट लागते आणि फिक्या रंगावर डाग दिसतात.

बाथरूमची वाफ मात्र एका कपड्यासाठी खरोखर कामाची आहे. तो म्हणजे लोकरीचा कोट किंवा ब्लेझर. लोकर वाफेतली ओल भराभर पिते, मुळात लवचीक असते आणि कोटाच्या स्वतःच्या वजनाने तिला ताणही मिळतो. आपण अंघोळ करत असताना कोट रुंद खांद्याच्या हँगरवर आत टांगावा, खिसे रिकामे ठेवावेत आणि नंतर खोलीत पंख्याखाली तासभर वाळू द्यावा. पाण्याच्या शिंतोड्यांपासून तेवढा लांब ठेवायचा.

सकाळी दहाची मुलाखत

आता एक प्रसंग घेऊ. पुण्याहून कोणी नागपूरला मुलाखतीसाठी गेला आहे. रात्री नऊला लॉजवर पोचला. बॅगेत सुती पांढरा शर्ट आणि टेरिवूलची पँट आहे, दोन्ही चुरगळलेली. मुलाखत सकाळी दहाला. हाताशी पंखा, टॉवेल आणि स्प्रे बाटली आहे.

खोलीत शिरल्याबरोबर दोन्ही कपडे बॅगेतून बाहेर काढायचे. जेवून आल्यावर पाहू म्हटले की सुरकुत्यांना आणखी दोन तास दाब मिळतो. पँट पायांच्या टोकांकडून टांगावी, म्हणजे मोहऱ्या वर आणि कंबर खाली. कंबरपट्टी, खिसे आणि हूक यांचे वजन खालच्या बाजूला आल्याने पायांना आपोआप ताण मिळतो. क्लिपचा हँगर नसेल तर कपाटाच्या दारात मोहऱ्या अडकवूनही चालते, फक्त मध्ये स्वच्छ रुमाल ठेवावा. गुडघ्यामागच्या आणि मांडीवरच्या सुरकुत्यांवर हलका फवारा मारून तळव्याने वरून खाली निपटत आणायचे. टेरिवूलमधल्या लोकरीला ही ओल पुरते. पॉलिएस्टरचा हट्ट थोडा उरेल, त्याचे सकाळी पाहू.

शर्टवर मेहनत घ्यायची, पण सगळ्यावर नाही. पँटमध्ये खोचला जाणारा खालचा भाग सोडून द्यावा. कॉलर, काज-बटणांची पट्टी, छाती, खांदे आणि कफ एवढेच लोकांना दिसते. शर्ट हँगरवर घालून वरचे आणि मधले एक बटण लावावे, म्हणजे कॉलर व पट्टी सरळ बसतात. हँगर तारेचा असेल तर त्याच्या खांद्यांवर टॉवेल गुंडाळावा, नाहीतर सकाळी दोन्ही खांद्यांवर टोके उठलेली दिसतात. मग वीतभर अंतरावरून फवारा मारायचा. हाताला ओलसर गार लागले पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये.

यानंतरचा भाग बहुतेक जण टाळतात. एक तळवा शर्टच्या आत, दुसरा बाहेर असे धरून कापड दोन्ही हातांमध्ये दाबत खाली ओढत आणायचे. पट्टीची वरची आणि खालची टोके धरून ती सरळ ताणायची. कॉलरची टोके दोन्ही बाजूंना ओढायची. बाही शिवणीपाशी धरून कफाकडे निपटायची. हँगर पंख्याच्या वाऱ्यात टांगायचा आणि पाच-पाच मिनिटांनी दोनदा येऊन हीच ओढाताण पुन्हा करायची, कारण कापड ओलसरपणाकडून कोरडेपणाकडे जात असताना दिलेला ताणच टिकतो. अर्ध्या तासात शर्ट नीट होतो. हे रात्रीच केले की रात्रभर निवांत वाळायला वेळ मिळतो. सकाळी घाईत करून ओलसर शर्टच अंगात चढवला, तर कोपराच्या आणि पोटाच्या वळ्यांत तो अंगावरच वाळतो आणि नव्या सुरकुत्या घेऊन मुलाखतीला बसतो.

शर्ट फारच चुरगळलेला, म्हणजे गोळा करून कोंबल्यासारखा असेल तर फवाऱ्याने भागत नाही. तेव्हा तो सरळ पाण्यात बुडवावा. पिळायचा नाही. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि दाबून पाणी टिपायचे. मग झटकून, ताणून हँगरवर टांगायचा. आत उरलेल्या पाण्याचे वजन कापड खाली ओढत राहते. पंख्याखाली रात्रभरात तो वाळतो, मात्र हवा कोरडी हवी.

घाईची वेळ : किटली आणि तांब्या

सकाळी पँटवर उरलेल्या सुरकुत्यांना उष्णता लागेल. खोलीत चहाची विजेची किटली असेल तर तिच्या तोटीतून निघणारी वाफ त्यासाठी पुरेशी गरम असते. किटली निम्मीच भरावी, नाहीतर उकळताना तोटीतून गरम पाणी उडते. पँट दोन हातांत ताणून धरून वीतभर अंतरावर वाफेतून पुढे-मागे न्यावी आणि बाजूला घेऊन गार होईपर्यंत ताण सोडू नये. पॉलिएस्टर गार होताना जो आकार असेल तोच धरते. तोटीच्या अगदी तोंडाशी वाफ दिसत नाही आणि तिथेच ती सगळ्यात भाजते. पांढरा दिसणारा ढग म्हणजे गार होऊ लागलेले थेंब. उकळी फुटली की किटली आपोआप बंद होते. ती चालू राहावी म्हणून झाकण उघडे ठेवण्याची शक्कल लढवू नये, कारण मग वाफ आतल्या स्विचपर्यंत पोचत नाही आणि पाणी आटून किटली जळू शकते. रेल्वेच्या डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटला तर किटली किंवा इस्त्री लावायला बंदीच आहे.

कॉलर आणि कफांसाठी त्याहून जुना उपाय आहे. सपाट बुडाच्या स्टीलच्या तांब्यात किंवा पेल्यात उकळते पाणी निम्म्यापर्यंत भरायचे, बूड कोरडे पुसायचे, काठ टॉवेलने धरायचा आणि टेबलावर पसरलेल्या ओलसर कॉलरवर तो दाबून ठेवत पुढे सरकवायचा. स्टील पातळ असल्याने उष्णता लगेच उतरते आणि उकळत्या पाण्याहून जास्त तापणे शक्य नसल्याने कापड करपण्याची भीती नाही. भीती असते ती आपला हात भाजण्याची. दोन मिनिटांत पाणी निवले की बदलावे लागते. थर्मासच्या बाटलीने हे होत नाही, कारण आतली उष्णता बाहेर येऊ नये अशीच तिची रचना असते.

गादीखाली पँट ठेवण्याची जुनी रीतही चांगली आहे, पण तिच्याही अटी आहेत. पँट क्रीझवर नीट जुळवून, वर-खाली टॉवेल किंवा चादर घालून, सपाट फळीवर ठेवावी. पलंगाला फळ्यांच्या पट्ट्या किंवा जाळी असेल तर तिची नक्षी पँटवर उठते. ओल नावापुरतीच असावी. जास्त ओली पँट गादीखाली वाळत नाही आणि सकाळी कुबट वास मारते.

हवा बघून उपाय

वरचे सगळे वेळापत्रक हवेवर अवलंबून आहे. मे महिन्यात विदर्भात हवा इतकी कोरडी असते की फवारलेला शर्ट ताणून होईपर्यंत अर्धा वाळतो. तिथे एकेक भाग घ्यावा : आधी कॉलर फवारून ताणायची, मग पट्टी, मग बाही. जुलैत कोकणात किंवा गोव्यात याच्या उलट. हवेतच पाणी भरलेले असते, पंखा लावला तरी शर्ट सकाळपर्यंत ओलसर राहतो. तिथे पाणी कमीत कमी वापरावे आणि एसी असेल तर दारे-खिडक्या लावून तो चालू ठेवावा, कारण एसी खोलीतल्या हवेतली ओल काढून टाकतो. एसी नसेल तर केस वाळवण्याचा ड्रायर घेऊन ताणलेल्या भागावर फिरवावा.

साडी, रेशीम आणि रेयॉन

पैठणी किंवा कुठल्याही रेशमी साडीवर फवारा मारू नये. रेशमावर थेंबाचे डाग राहतात आणि जरीलाही पाणी सोसत नाही. लग्नाला आदल्या दिवशी पोचत असाल तर साडी पोचल्याबरोबर उघडावी, पलंगावर स्वच्छ सुती कापड पसरून त्यावर दुहेरी अंथरावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. रेशीम हवेतली ओल स्वतःच घेते आणि बऱ्याच हलक्या चुण्या सैल होतात. घडीच्या ठसठशीत रेघा मात्र याने जात नाहीत. त्यांना कापड ठेवून केलेली सौम्य इस्त्रीच लागते.

सुती साडीला दोघी जणी असल्या तर सोपे. हलका फवारा मारून साडीची चारही टोके दोघींनी धरायची, मागे झुकून ताणायची आणि तशीच घडीवर घडी घालत जवळ यायचे. साडीला खळ असेल तर ओल लागून ती आधी मऊ होते आणि ताणून वाळवली तर पुन्हा कडक होते. रेयॉनच्या कुर्त्यांना मात्र ओले असताना ओढू नये. ओल्या रेयॉनची ताकद बरीच कमी होते आणि कुर्ता लांबट, वेडावाकडा होतो. त्याला हँगरवर स्वतःच्या वजनाने लोंबू देणेच बरे.

बॅग भरताना वाचणारे कष्ट

सुरकुतीसाठी तीक्ष्ण घडी, दाब, ओल आणि वेळ हे चौघे एकत्र यावे लागतात. बॅग भरताना यातले जितके टाळू तितके पुढचे काम कमी.

सगळ्यात मोठी गफलत बॅग भरण्याआधीच होते. इस्त्रीवाल्याकडून आलेला गरम कपडा तसाच बॅगेत जातो. त्यात अजून ऊब आणि थोडी ओल असते, म्हणजे तो कुठलीही घडी धरायला तयारच असतो. इस्त्री झालेले कपडे निदान वीस मिनिटे हँगरवर गार होऊ द्यावेत.

टी-शर्ट, जीन्स आणि कुर्ते गुंडाळावेत, म्हणजे कुठेच टोकदार घडी पडत नाही. कॉलरच्या शर्टला गुंडाळी सोसत नाही. तो कमीत कमी घड्यांत, प्रत्येक घडीत मऊ टी-शर्ट किंवा मोजे घालून ठेवावा, म्हणजे घडी गोलसर राहते. ड्रायक्लीनिंगची पातळ प्लास्टिक पिशवी शर्टावर चढवली तर थर एकमेकांवर घासून गोळा होण्याऐवजी सरकतात. तीन-चार चांगले कपडे असतील तर गाठोड्याची पद्धत उत्तम. आधी कोट पसरायचा, त्यावर पँट आडवी, मग शर्ट आलटून-पालटून, आणि मधोमध अंतर्वस्त्रे व मोजे यांची उशीएवढी गुंडाळी. बाह्या आणि पाय एकेक करून त्या उशीभोवती गुंडाळत आणायचे. कपडा वाकतो, पण तीक्ष्ण घडी पडत नाही. यात एक अडचण आहे : वाटेत एखादा कपडा काढायचा तर सगळे गाठोडे सोडावे लागते. म्हणून वाटेत लागणारे कपडे वेगळे ठेवावेत.

ट्रॉली बॅग प्रवासभर उभी असते हे भरताना लक्षात राहत नाही. आडव्या बॅगेत नीट रचलेले कपडे उभी केल्यावर चाकांकडे घसरून गोळा होतात. बूट, चार्जर, डबे अशा जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवाव्यात आणि बॅग अर्धी रिकामी राहत असेल तर लहान बॅग घ्यावी. हवा शोषून काढणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात, पण कापडावर जोराचा दाब आणतात. त्या स्वेटरसाठी ठीक, शर्टसाठी नाहीत.

खरेदीतही थोडे शहाणपण चालते. दुकानात कापडाचा कोपरा मुठीत दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून सोडावा. मुठीच्या रेघा तशाच राहिल्या तर हा कपडा प्रवासाचा नाही. न चुरगळणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती शर्टांत सेल्युलोजच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या सरकत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लीन्स इथल्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ रूथ बेनेरिटो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रक्रियेवर महत्त्वाचे काम केले. या शर्टांची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते : बांधलेला धागा जरा ठिसूळ होतो, म्हणून कॉलर आणि कफाच्या कडा लवकर विरतात.

एवढे करूनही इस्त्रीची कडक, धारदार क्रीझ यातल्या कुठल्याही उपायाने येत नाही, आणि जाड लिननचा शर्ट तर निम्म्याहून जास्त सरळ होत नाही. ते हवे असेल तर इस्त्रीच शोधावी. पण चार माणसांत नीटनेटके दिसायला एक रुंद हँगर, १०० मिलिलिटरची स्प्रे बाटली आणि आदल्या रात्रीचा अर्धा तास पुरतो. यातला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. तो सकाळवर ढकलू नका.